हात डायमध्ये कशासाठी गेला?

‘प्रेसवर काम करत असताना माझ्या दुर्लक्षामुळे उजव्या हाताला मार लागला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’

छोट्या कारखान्यांतल्या अपघातांच्या कागदपत्रांत या धर्तीचा जबाब नवा नाही. खाली कामगाराची सही असते, आणि उजवा हात बँडेजमध्ये असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर बहुधा सुपरवायझर सांगतो, लिहितो ऑफिसातला कोणीतरी. कामगार दुखण्यात आणि घाबरलेला असतो, नोकरी टिकवायची असते, म्हणून तो सही करतो. पुढे नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला की हाच कागद समोरचा वकील आधी काढतो.

या दोन वाक्यांत नाही ते बरंच आहे. मशीन कोणतं, वेळ कोणती, काम कोणी सांगितलं, हात आत का गेला, मशीन कसं चाललं, यातलं काहीच नाही. आणि ज्याची गरज नव्हती तो ‘दुर्लक्ष’ हा शब्द मात्र आहे. भरपाईच्या कायद्यात चूक कोणाची, हा मूळ प्रश्नच नाही. कामगार बेसावध होता एवढ्यानं त्याचा हक्क जात नाही. मालकाचा निष्काळजीपणाही त्याला सिद्ध करावा लागत नाही. त्याला दाखवायचं असतं ते वेगळंच.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा दोन गोष्टी मागतो. अपघात नोकरीच्या ओघात झालेला हवा आणि तो नोकरीमुळे झालेला हवा. कानाला हे एकच वाटतं, पण पहिल्या अटीचा संबंध वेळ, जागा आणि हातातल्या कामाशी आहे, तर दुसरीचा कारणाशी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात विलीन झाला. या दोन अटी मात्र तिथेही आहेत. जबाबाचे दोन मुख्य भाग याच अटींतून येतात: त्या वेळी मी कोणतं काम करत होतो, आणि नेमकं काय घडलं.

दुसरी अट किती कडक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या एका निकालात दिसतं. ‘द्वारका’ नावाच्या बोटीवरचा एक खलाशी डिसेंबर १९६१ मध्ये रात्रीतून बेपत्ता झाला. आधी त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती, तपासणी होऊन औषधही मिळालं होतं. पहाटेच्या सुमारास तो डेकवर दिसला होता, सकाळी मात्र सापडला नाही. तो बोटीवर होता आणि नोकरीत होता, त्यामुळे पहिल्या अटीबद्दल फारसा वाद नव्हता. पण तो समुद्रात पडला का, आणि पडला तर कोणतं काम करताना, हे पाहणारा कोणी नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या घरच्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. परिस्थितीवरून अनुमान काढता येतं, पण अनुमानाला टेकू लागतो आणि तो देण्याची जबाबदारी दावेदाराची, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. खलाशाकडून काही सांगितलं जाणं शक्यच नव्हतं. प्रेसवर बोटं गमावलेला कामगार मात्र सांगू शकतो, म्हणूनच त्याच्या जबाबाला मोल आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. ते कल्पित आहे, पण एमआयडीसीतल्या कोणत्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये शोभेल असं आहे. शेडमध्ये एकूण सात माणसं. मोठ्या कंपनीला लागणारे क्लॅम्प इथे ५० टनी पॉवर प्रेसवर दाबून काढले जातात. तिशी ओलांडलेला एक कामगार कागदोपत्री ‘हेल्पर’ आहे. १२ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं.

पहिली गाठ ‘हेल्पर’ या शब्दाशीच पडते. हेल्परचं काम माल उचलून देणं आणि तयार जॉब पेटीत भरणं. मग याचा हात डायमध्ये कसा, असं मालक किंवा त्याची विमा कंपनी विचारणार, आणि ‘प्रेस चालवायला त्याला सांगितलंच नव्हतं’ असा बचाव तयार होणार. म्हणून जबाबात हुद्दा एका वाक्यात सांगून पुढे प्रत्यक्ष काम यायला हवं. प्रेस कधीपासून चालवतो, त्या दिवशी कोणी लावलं, आधीचा ऑपरेटर कुठे गेला, हे त्यात आलं पाहिजे. कामगार ठेकेदाराचा असेल तर पगार कोण देतो आणि काम कोण सांगतो, हेही वेगवेगळं लिहावं. मूळ कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचंच काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं असेल, तर भरपाईसाठी मूळ मालकालाही धरता येतं.

कामाचं वर्णन आणखी एका जागी उपयोगी पडतं. एक सुतार १९६८ मध्ये एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टातल्या तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असं मालकाचं म्हणणं होतं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरलं गेलं. अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता ती सगळी त्याला अशक्य झाली, तर कायदा त्याला संपूर्ण अपंगत्व म्हणतो. त्यामुळे दोन्ही हात लागणारं काम असेल, बारीक पकड लागत असेल, ओझं उचलावं लागत असेल, तर ते जबाबात साध्या शब्दांत आलेलं बरं. ‘मशीनवर काम करतो’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

आता घटना. ती समजण्यासाठी प्रेस कसा चालतो ते थोडं पाहावं लागेल.

जुन्या पद्धतीच्या प्रेसवर बाजूला जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचमधली चावी फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडते, शाफ्टचा एक फेरा होतो आणि रॅम खाली येऊन पट्टी दाबून वर जातो. फेरा संपला की चावी सुटली पाहिजे आणि ब्रेकने रॅम वरच धरून ठेवला पाहिजे. चावी झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल पडला, तर पायडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये याला ‘प्रेसने डबल मारला’ म्हणतात. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील लगेच थांबत नाही, त्यामुळे अडकलेला हात पटकन सोडवताही येत नाही.

म्हणजे ‘हात प्रेसमध्ये आला’ या तीन शब्दांमागे निदान तीन वेगळे अपघात लपलेले असू शकतात. कामगाराचा पाय चुकून पायडलवर पडला असेल. दुसऱ्या कोणी पायडल दाबलं असेल. किंवा प्रेसने डबल मारला असेल. भरपाई तिन्हींत मिळू शकते. पण विरुद्ध बाजूने काही वेगळंच चित्र उभं केलं तर त्याला उत्तर देणारा तपशील प्रत्येक वेळी निराळा असतो. डबल मारलेल्या प्रेसच्या जबाबात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाताची नसते. त्या क्षणी पाय कुठे होता, ती असते.

आपल्या उदाहरणातल्या कामगाराचा जबाब असा असता तर:

‘मी पगारपत्रकावर हेल्पर आहे, पण जानेवारीपासून रोज ५० टनी प्रेस चालवतो. त्या दिवशी माझी पाळी सकाळी आठ ते रात्री आठ होती. सकाळी सुपरवायझरने मला क्लॅम्पचा जॉब लावून दिला. पट्टी उजव्या हाताने डायमध्ये ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, उजव्या पायाने पायडल मारायचं आणि तयार जॉब डाव्या हाताने काढायचा, असं काम होतं. जॉब काढायला चिमटा दिलेला नव्हता. मी जानेवारीत प्रेसवर आलो तेव्हापासून पुढचा गार्ड मी बसवलेला पाहिलेला नाही. दुपारी जेवणानंतर प्रेसने एकदा डबल मारला. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, ऑर्डर आज जायची आहे, फिटरला उद्या बोलावू. संध्याकाळी चहानंतर, अंदाजे पावणेसातला, एक जॉब डायमध्ये अडकला. तो डाव्या हाताने निघेना, म्हणून मी उजवा हात घातला. तेव्हा माझा पाय पायडलवर नव्हता, खाली जमिनीवर होता. रॅम खाली आला आणि दोन बोटं सापडली. मी ओरडलो. शेजारच्या ड्रिलवरच्या कामगाराने मोटर बंद केली. क्लचमध्ये काय बिघाड होता ते मला माहीत नाही.’

हा जबाब कोणत्याही कामगाराला सांगता येईल असा आहे. कायद्याचा एकही शब्द त्यात नाही, आणि तो लागतही नाही. अपघाताची नोटीस देताना इजेचं कारण साध्या भाषेत सांगावं, असं १९२३ च्या कायद्याच्या दहाव्या कलमातच म्हटलेलं आहे. ‘मालकाच्या घोर निष्काळजीपणामुळे’ असं लिहिल्याने काही वाढत नाही. ‘फिटरला उद्या बोलावू’ हे सुपरवायझरचं बोलणं जसंच्या तसं आलं की बिघाड आधीपासून माहीत होता हे आपोआप पुढे येतं.

‘अंदाजे पावणेसात’ यातला ‘अंदाजे’ मुद्दाम आहे. घड्याळ पाहिलं नसताना ‘६ वाजून ४२ मिनिटांनी’ असं लिहिलं, आणि दवाखान्याच्या नोंदीत दाखल केल्याची वेळ त्याच्याशी जुळली नाही, तर उलटतपासणीत सगळा जबाबच खोटा ठरवायला निमित्त मिळतं. ‘चहानंतर’ ही खूण जास्त भरवशाची. ती इतरांच्याही लक्षात असते. शेवटचं वाक्यही तसंच. चावी झिजली होती हे त्याला दुसऱ्या दिवशी फिटरने सांगितलं असेल, तर ‘मला नंतर फिटरकडून कळलं’ असं लिहावं. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र झालं की दोन्हींची किंमत उतरते.

गार्डचं वाक्य सर्वांत नाजूक. या कायद्यात मालकाला काही मोजके बचाव दिलेले आहेत. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट हुकूम हेतुपुरस्सर मोडला, किंवा सुरक्षेसाठी आहे हे माहीत असून गार्ड हेतुपुरस्सर काढला, आणि इजा त्यामुळेच झाली, असं दाखवता आलं तर भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला असेल किंवा अपंगत्व कायमचं आणि संपूर्ण असेल, तर हे बचाव चालत नाहीत. पण दोन बोटं जाणं हे कायमचं अंशतः अपंगत्व, म्हणजे इथे ते चालतात. म्हणून गार्ड होता का, कोणी काढला, कधीपासून नव्हता, हे सांगायलाच हवं. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरने काढायला लावला असेल तर तसं, आणि कामगाराने स्वतः काढला असेल तर तेही. लपवलेली गोष्ट शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून बाहेर आली तर पाय आणि पायडलबद्दल खरं सांगितलेलंही कोणी मानत नाही.

कायद्याची मर्यादाही इथेच दिसते. त्याच प्रेसवर कोणी स्वतःच्या घरच्या फाटकासाठी पट्टी वाकवत असेल तर जागा कारखान्याची आणि वेळ पाळीची असूनही काम मालकाचं राहत नाही. तो दावा लंगडाच. आणि ज्या इजेने तीन दिवसांपेक्षा जास्त काम सुटलं नाही, तिला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई नाही.

जबाब चांगला लिहिला तरी तो एकटा नसतो. त्याच्या आधीचा कागद म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. इजा कशी झाली हे डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारून लिहितात. सोबत आलेला माणूस ‘घरी दारात बोट सापडलं’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असं सांगून मोकळा होतो, आणि ते दोन शब्द पुढच्या प्रत्येक कागदाला छेद देत राहतात. शुद्धीवर असलेल्या कामगाराने किंवा त्याच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी केसपेपर वाचून घ्यावा. चुकीचं लिहिलं असेल तर खरं कारण त्याच वेळी सांगून नोंदवून घ्यावं. जबाब, केसपेपर, हजेरीची नोंद आणि मालकाला दिलेली नोटीस, या चारांत तारीख, पाळी आणि मशीन एकच यायला हवं.

पाळीची नोंद किती कामाला येऊ शकते, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. त्याची ड्यूटी पहाटे तीनला सुरू व्हायची होती. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा मूळ आदेश पुन्हा कायम केला. वेळ, जागा आणि नोकरी यांची सांगड बसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतला धरावा, असं न्यायालयाने म्हटलं. त्या अवेळी तो माणूस त्या रस्त्यावर का होता, याचं उत्तर त्याच्या ड्यूटीच्या वेळेतच होतं.

भाषेचाही एक प्रश्न आहे. प्रेसवरचा कामगार बिहारचा किंवा उत्तर प्रदेशातला असेल तर मराठीत लिहिलेला जबाब त्याला वाचता येत नाही. अशा वेळी तो त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितला, त्या माणसाचं नाव आणि सही खाली असावी. पुढे प्रकरण आयुक्तांसमोर गेलं आणि वकिलाने ‘यात काय लिहिलंय ते तुला माहीत होतं का’ असं विचारलं, तर त्या सहीवर बरंच अवलंबून असतं. कोऱ्या कागदावर अंगठा देणं म्हणजे आपला जबाब दुसऱ्याच्या हाती देणं. ‘पन्नास हजार घे आणि हक्क सोडल्याचं लिहून दे’ असा करार मात्र कायद्याने रद्दबातल आहे. सही झाली असली तरी दावा करता येतो.

शॉपमध्ये दहा किंवा जास्त माणसं असती आणि पगार दरमहा २१ हजारांच्या आत असता, तर हा कामगार बहुधा राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असता. मग भरपाई मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळते. दोन्हीकडून घेता येत नाही. तिथेही अपघात नोकरीतला असावाच लागतो आणि जबाब असाच लागतो. आपल्या सात माणसांच्या शेडमध्ये मात्र दावा थेट मालकावर येतो आणि २०२५ च्या ऑगस्टमधल्या अपघातासाठी दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे करावा लागतो.

राहिला पैशांचा हिशेब. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के आणि मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलं आहे. मिळून १८ टक्के. वय ३० पूर्ण असेल तर गुणक २०७.९८. पगार दरमहा १४,००० असेल तर त्याच्या ६० टक्के म्हणजे ८,४०० रुपये. त्याला गुणकाने गुणलं की १७,४७,०३२ होतात आणि त्याचे १८ टक्के म्हणजे सुमारे ३,१४,४६६ रुपये. हिशेबात महिन्याचा पगार १५ हजारांपर्यंतच धरला जातो. ही रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

या हिशेबात जबाबातून येणारी एक गोष्ट आहे आणि वरच्या नमुन्यात ती नव्हती: पगार. छोट्या शेडमध्ये पगारपत्रकावर ९,००० आणि उरलेले ५,००० हातात रोख, ही पद्धत कोणाला नवी नाही. ‘मला महिन्याला १४ हजार मिळतात, त्यातले ५ हजार रोखीने, दर महिन्याच्या सात तारखेला सुपरवायझर देतो’ हे वाक्य जबाबात आलं आणि सोबतच्या कामगाराने त्याला दुजोरा दिला, तर आयुक्तांपुढे मांडायला काहीतरी हाती असतं. ते राहून गेलं तर हिशेब ९,००० वर होतो आणि त्याच दोन बोटांचे २,०२,१५७ रुपये येतात, म्हणजे १,१२,३०९ रुपये कमी.